आरओसी कर्व्ह, एयूसी आणि थ्रेशोल्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठला डेटा धरून बोलायचं?

विस्कॉन्सिनचा ब्रेस्ट कॅन्सर डेटा. `sklearn` टाकलं की सोबतच येतो, वेगळा डाउनलोड करावा लागत नाही, आणि मशीन लर्निंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने तो कधी ना कधी उघडलेला असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. विल्यम वोलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गोळा केला. स्तनातल्या गाठीत बारीक सुई घालून पेशी काढायच्या (आपल्याकडे याला एफएनएसी म्हणतात), काचपट्टीचा फोटो काढायचा आणि त्यातल्या पेशींच्या केंद्रकांची मापं काढायची: त्रिज्या, खडबडीतपणा, कडेचे खळगे वगैरे. प्रत्येक गाठीमागे असे ३० आकडे. एकूण ५६९ गाठी आहेत, त्यातल्या २१२ कॅन्सरच्या आणि ३५७ साध्या.

मॉडेलने प्रत्येक गाठीला ० ते १ मधला एक स्कोअर द्यायचा, म्हणजे ही गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता किती. पुढचे सगळे प्रश्न या स्कोअरचं करायचं काय एवढ्यावरच आहेत.

अ‍ॅक्युरसी काढली की झालं ना, आरओसी कशाला?

अ‍ॅक्युरसीच्या दोन अडचणी आहेत. पहिली सगळ्यांना माहीत असते: काहीही न शिकता सगळ्या गाठी साध्या आहेत असं छापून टाकणारं मॉडेल या डेटावर ३५७/५६९ म्हणजे जवळपास ६३ टक्के अ‍ॅक्युरसी मिळवतं, आणि एकही कॅन्सर पकडत नाही. दुसरी अडचण मात्र लोक विसरतात, की अ‍ॅक्युरसी काढण्याआधीच तुम्ही स्कोअरवर कुठेतरी रेघ म्हणजे थ्रेशोल्ड मारलेला असतो, की याच्या वर कॅन्सर आणि खाली साधी, बहुतेक वेळा ०.५ वर, आणि तीही तुम्ही मारलेली नसते तर लायब्ररीने गुपचूप मारलेली असते. म्हणजे जो आकडा येतो त्यात मॉडेलची हुशारी किती आणि रेघेची जागा किती हे वेगळं काढताच येत नाही.

आरओसी कर्व्हमध्ये आपण रेघ सगळीकडे मारून बघतो. वरून सुरुवात करून हळूहळू खाली आणायची आणि प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी मोजायच्या. खऱ्या कॅन्सरपैकी किती टक्के पकडले हा टीपीआर, डॉक्टर लोक यालाच सेन्सिटिव्हिटी म्हणतात. आणि साध्या गाठींपैकी किती टक्क्यांवर उगाच बोट ठेवलं हा एफपीआर, म्हणजे १ वजा स्पेसिफिसिटी. एफपीआर आडव्या अक्षावर, टीपीआर उभ्या. हे तंत्र मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रडारच्या कामातून आलं, तिथेही प्रश्न हाच होता: पडद्यावर ठिपका दिसतोय तो विमान आहे की नुसता गोंधळ.

कर्व्ह एकदा हाताने काढून दाखवाल का?

हो, आणि प्रत्येकाने एकदा तरी कागदावर काढावाच असं माझं मत आहे. समजा दहाच गाठी आहेत, चार कॅन्सरच्या (क) आणि सहा साध्या (सा). आकडे मी सोयीसाठी बनवलेत. स्कोअर मोठ्याकडून लहानाकडे लावले:

```
0.95 क
0.85 क
0.70 सा
0.60 क
0.45 सा
0.40 सा
0.30 क
0.20 सा
0.10 सा
0.05 सा
```

खाली डाव्या कोपऱ्यात (०, ०) पासून निघायचं आणि यादी वरून खाली वाचत जायची. क आला की एक पायरी वर, म्हणजे १/४, कारण कॅन्सर चार आहेत. सा आला की एक पायरी उजवीकडे, म्हणजे १/६. बस, एवढाच कर्व्ह. इथे पहिल्या दोन पायऱ्या सरळ वर जातात, ०.७० ला एकदा उजवीकडे, ०.६० ला वर, मग दोनदा उजवीकडे, ०.३० ला शेवटची वर आणि पुढे छपरालगत उजव्या कोपऱ्यापर्यंत.

थ्रेशोल्ड ०.५ धरला तर आपण कुठे असतो? चारपैकी तीन कॅन्सर पकडले, सहापैकी एका साध्या गाठीला उगाच धरलं, म्हणून टीपीआर ०.७५ आणि एफपीआर ०.१६७. थ्रेशोल्ड ०.३० वर आणला तर चारही कॅन्सर पकडले जातात पण साध्या गाठींपैकी तीन अडकतात, टीपीआर १ आणि एफपीआर ०.५. मॉडेल तेच, स्कोअर तेच, आपण फक्त कर्व्हवर सरकलो.

एक गोष्ट इथेच बघून ठेवा, की कर्व्ह काढताना आपण स्कोअरचे आकडे वापरलेच नाहीत, फक्त क्रम वापरला. पुढची अर्धी उत्तरं यातूनच निघतात.

एयूसी म्हणजे नक्की काय? नुसतं क्षेत्रफळ?

क्षेत्रफळ तर आहेच, पण त्याचा अर्थ फार सरळ आहे: एक कॅन्सरची गाठ आणि एक साधी गाठ डोळे मिटून उचलली तर कॅन्सरच्या गाठीचा स्कोअर जास्त असण्याची शक्यता.

वरच्या यादीत मोजून बघा. चार क आणि सहा सा, म्हणजे २४ जोड्या. ०.९५ चा क सहाही सा च्या वर आहे, सहा गुण. ०.८५ चाही तसाच, सहा. ०.६० च्या वर ०.७० चा सा बसलाय, म्हणून पाच. ०.३० च्या खाली तीनच सा, म्हणून तीन. बेरीज २०, आणि २०/२४ म्हणजे ०.८३३. आता क्षेत्रफळ पट्ट्या पाडून काढा, प्रत्येक सा ची १/६ रुंदीची पट्टी आणि त्या वेळी आपण किती उंचीवर होतो ते: ०.५, ०.७५, ०.७५, १, १, १. बेरीज ५, भागिले ६, परत ०.८३३. स्कोअर सारखेच आले तर त्या जोडीला अर्धा गुण द्यायचा.

आकडेशास्त्रात मॅन-व्हिटनी यू टेस्ट शिकला असाल तर हे ओळखीचं वाटेल, कारण ते तेच आहे. रेडिओलॉजीवाल्यांना हे नीट समजावून सांगणारा हॅनली आणि मॅकनील यांचा पेपर १९८२ चा आहे आणि अजूनही लोक तोच वाचतात.

आता एयूसी काय सांगत नाही तेही इथूनच कळतं. वरचे सगळे स्कोअर १० ने भागा. ०.९५ चा ०.०९५ झाला, क्रम जसाच्या तसा, एयूसी जसाच्या तसा ०.८३३. पण ०.५ च्या थ्रेशोल्डवर आता एकही कॅन्सर सापडणार नाही. म्हणजे एयूसी मॉडेलची क्रम लावायची कुवत सांगतो, स्कोअर शक्यता म्हणून खरा आहे का आणि रेघ कुठे मारायची यातलं तो काहीच सांगत नाही. एयूसी चांगला आला म्हणून मॉडेल तयार झालं असं समजून लोक इथेच थांबतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एयूसी किती आला म्हणजे चांगला?

०.५ म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १ म्हणजे एकही जोडी उलटी नाही. मधल्या आकड्यांना चांगलं, उत्तम, अतिउत्तम अशी लेबलं लावलेले तक्ते फिरत असतात, त्यांच्यावर मी तरी विसंबत नाही, कारण तोच ०.८० एका कामात भरपूर असतो आणि दुसऱ्यात निरुपयोगी. ०.५ च्या बराच खाली आला तर मात्र आनंदाची बातमी असू शकते, मॉडेल शिकलंय पण तुम्ही कुठेतरी कॉलम किंवा लेबल उलटं घेतलंय.

या विस्कॉन्सिनच्या डेटावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशनसुद्धा ०.९९ च्या आसपास जातं. त्यात तुमची कमाल नाही, त्या मापांमध्येच दोन्ही प्रकार चांगले वेगळे पडलेत. तुमच्या खऱ्या कामाच्या डेटावर पहिल्याच झटक्यात ०.९९ आला तर आधी शंका घ्या, बहुतेक वेळा उत्तरानंतर नोंदवलेला एखादा कॉलम आत घुसलेला असतो.

कोड केवढा लागतो?

एवढाच:

```python
from sklearn.datasets import load_breast_cancer
from sklearn.linear_model import LogisticRegression
from sklearn.metrics import roc_auc_score, roc_curve
from sklearn.model_selection import train_test_split
from sklearn.pipeline import make_pipeline
from sklearn.preprocessing import StandardScaler

X, y = load_breast_cancer(return_X_y=True)
y = 1 - y   # आता 1 म्हणजे कॅन्सर
Xa, Xb, ya, yb = train_test_split(
    X, y, stratify=y, random_state=0)
m = make_pipeline(StandardScaler(), LogisticRegression())
m.fit(Xa, ya)
p = m.predict_proba(Xb)[:, 1]
print(roc_auc_score(yb, p))
fpr, tpr, thr = roc_curve(yb, p)
```

`thr` छापलात तर पहिलाच आकडा `inf` दिसेल, घाबरू नका. तो (०, ०) चा कोपरा आहे, एवढ्या उंच रेघेच्या वर कोणीच नसतं. आवृत्ती १.३ पासून तिथे `inf` येतं. दुसरं म्हणजे `roc_curve` कर्व्हचा आकार न बदलणारे मधले बिंदू स्वतःहून गाळतं, सगळे हवे असतील तर `drop_intermediate=False` द्या.

`y = 1 - y` ही ओळ का?

कारण या डेटात ० म्हणजे कॅन्सर आणि १ म्हणजे साधी गाठ. हो, उलटं. आपल्याला सवय असते की १ म्हणजे ज्याला शोधतोय तो, आणि बरेच ऑनलाइन धडे ही गोष्ट न बघता पुढे जातात.

यातली खरी गंमत अशी आहे की ही ओळ विसरलात तरी एयूसी बदलत नाही. लेबल उलटं आणि `[:, 1]` चा कॉलमही आपोआप साध्या गाठीच्या शक्यतेचा, दोन्ही एकदमच उलटल्यामुळे जोड्या तशाच जुळतात आणि ०.९९ चा ०.९९ च दिसतो. म्हणजे एयूसी बघून तुम्हाला कळणारच नाही की काही चुकलंय. मग कोणीतरी म्हणतं, कॅन्सर सुटायला नको, थ्रेशोल्ड ०.५ वरून ०.२ वर आणू. आणि होतं काय, तर साधी असण्याची शक्यता २० टक्के दिसली तरी गाठ साधी म्हणून घरी पाठवली जाते, म्हणजे हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट. ओळखायचं कसं? थ्रेशोल्ड खाली आणल्यावर कन्फ्युजन मॅट्रिक्समध्ये सुटलेल्या कॅन्सरची संख्या कमी व्हायला हवी. वाढली तर लेबल उलटं आहे.

माझा आरओसी कर्व्ह फक्त एका कोपऱ्यात मोडलेली रेघ दिसतो, पायऱ्याच नाहीत. काय चुकलं?

तुम्ही `predict` चं आउटपुट दिलंय, `predict_proba` चं नाही. `predict` ०.५ वर कापून ० आणि १ च देतं, मग कर्व्हला मधला एकच बिंदू मिळतो. वरच्या दहा गाठींच्या यादीवर असं केलं तर (०.१६७, ०.७५) हा एकच बिंदू राहतो आणि क्षेत्रफळ ०.७९२ येतं, खरं ०.८३३ असताना. एरर येत नाही, आकडाही पटण्यासारखा दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्महिने रिपोर्टमध्ये टिकते.

थ्रेशोल्ड ०.५ च का ठेवत नाहीत सगळे?

०.५ ला अर्थ आहे, पण एकाच परिस्थितीत: स्कोअर खरोखर शक्यता असेल आणि दोन्ही चुका सारख्याच महाग असतील तेव्हा. कॅन्सर सुटणं आणि साध्या गाठीची उगाच बायोप्सी होणं या दोन चुका सारख्या आहेत असं कोणीच म्हणणार नाही.

म्हणून दोन्ही चुकांना किंमत लावायची. समजा एक सुटलेला कॅन्सर म्हणजे दहा उगाच केलेल्या बायोप्स्या, इतका वाईट. (हा दहा मी धरलाय, खरा आकडा डॉक्टरांनी आणि पेशंटच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी ठरवायचा, डेटावाल्याने नाही.) आता एखाद्या गाठीची शक्यता p आहे. सोडून दिली तर सरासरी नुकसान १० गुणिले p. धरली तर १ गुणिले (१ − p). उगाच अलार्मची किंमत C_fp आणि सुटलेल्या कॅन्सरची C_fn म्हटली तर सोडणं महाग पडायला लागतं ती जागा:

```
t = C_fp / (C_fp + C_fn) = 1 / (1 + 10) = 0.09
```

म्हणजे ९ टक्के शक्यता दिसली तरी पुढची तपासणी करा. ऐकायला फार कमी वाटतं, पण किंमत दहापट मान्य केलीत तर हेच गणित निघतं, आणि ९ टक्के कमी वाटत असेल तर तुम्हाला मनातून दहापट मान्य नाहीये असा त्याचा अर्थ.

पण तुमच्याच दहा गाठींवर हे जुळत नाही!

बरोबर पकडलंत. ०.६० वर रेघ मारली तर एक कॅन्सर सुटतो आणि एक साधी अडकते, खर्च ११. ०.३० वर मारली तर शून्य सुटले, तीन अडकल्या, खर्च ३. आणि सूत्राच्या ०.०९ वर मारली तर पाच अडकल्या, खर्च ५. मग ०.३० च चांगला नाही का?

या दहा गाठींवर हो. पण ०.२० आणि ०.१० स्कोअरच्या दोन्ही गाठी इथे योगायोगाने साध्या निघाल्या. स्कोअर खरा असेल तर ०.२० वाल्या पाच गाठींमागे एक कॅन्सर असतो, आणि तो सुटला की १० चा दंड. पाच गाठी सोडल्या तर सरासरी १० चा दंड, धरल्या तर ४ चा. दहा गाठींत हे दिसू शकत नाही, दहा हजारांत दिसेल.

तर रस्ते दोन आहेत. स्कोअरवर शक्यता म्हणून विश्वास असेल तर सूत्र वापरा, नसेल तर भरपूर बाजूला ठेवलेल्या डेटावर प्रत्येक थ्रेशोल्डचा खर्च मोजून सगळ्यात कमी तो घ्या. दोन्ही करून बघा आणि उत्तरं फार लांब आली तर बहुतेक स्कोअर कॅलिब्रेटेड नाही किंवा डेटा फारच थोडा आहे. कॅलिब्रेशन बघायला `calibration_curve` आहे: ज्या गाठींना २० टक्क्यांच्या आसपास स्कोअर मिळाला त्यातल्या खरंच २० टक्के कॅन्सरच्या निघाल्या का, एवढंच ते तपासतं.

युडेन इंडेक्सने थ्रेशोल्ड काढला तर?

युडेनने १९५० मध्ये दिलेला हा आकडा, टीपीआर वजा एफपीआर, जिथे सगळ्यात जास्त तिथे थ्रेशोल्ड. आपल्या यादीत ०.६० वर ०.७५ − ०.१६७ = ०.५८३ येतो, ०.८५ आणि ०.३० दोन्हीवर ०.५, म्हणून युडेन ०.६० निवडतो आणि एक कॅन्सर सोडतो.

पेपरांमध्ये हा सर्रास दिसतो कारण किंमत ठरवायची कटकट नाही. पण किंमत ठरवली नाही असं होतच नाही, ती फक्त दिसत नाही. युडेन वापरणं म्हणजे सुटलेल्या कॅन्सरची किंमत, उगाचच्या अलार्मच्या तुलनेत, साध्या गाठी भागिले कॅन्सरच्या गाठी एवढी धरणं. विस्कॉन्सिनच्या डेटात ती ३५७/२१२, म्हणजे सुमारे १.७ पट. एक कॅन्सर सुटणं म्हणजे पावणेदोन बायोप्स्या, हे कोणाला समोरासमोर विचारलं तर कोणी हो म्हणेल का? आणि ही किंमत कोणी विचार करून ठरवलेली नाही, दवाखान्यात कुठल्या गाठी किती आल्या यावरून ती आपोआप पडली. म्हणून युडेन मी फक्त झटपट नजर टाकायला वापरतो, निर्णयाला नाही.

दवाखान्यात एयूसी छान होता, सगळ्या बायकांच्या स्क्रीनिंगला लावल्यावर डॉक्टर वैतागले. असं का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, जरा सावकाश वाचा. टीपीआर फक्त कॅन्सरवाल्यांमध्ये मोजतात आणि एफपीआर फक्त साध्यांमध्ये, दोन्ही गट एकमेकांत मिसळतच नाहीत, म्हणून कॅन्सरचं प्रमाण कितीही बदललं तरी कर्व्ह तसाच राहतो. हा आरओसीचा गुण म्हणून सांगतात आणि आहेच, पण फसवतोही तोच.

समजा आपण निवडलेल्या रेघेवर टीपीआर ९० टक्के आणि एफपीआर ५ टक्के. विस्कॉन्सिनच्या डेटासारखी परिस्थिती, म्हणजे गाठ आहे म्हणूनच आलेल्या बायका, १००० मध्ये ३७३ कॅन्सर. मॉडेल ३३६ पकडतं आणि ६२७ साध्यांपैकी ३१ ना उगाच धरतं. मॉडेलने बोट ठेवलेल्या ३६७ पैकी ३३६ खरे, म्हणजे प्रिसिजन ९२ टक्क्यांच्या जवळ. सगळे खूश.

आता तेच मॉडेल, तीच रेघ, पण सरसकट तपासणी, आणि समजा १०,००० मध्ये ५० जणींना कॅन्सर आहे. ४५ पकडले. उरलेल्या ९,९५० पैकी ५ टक्के म्हणजे जवळपास ४९८ उगाच अडकल्या. बोट ठेवलेल्या ५४३ पैकी ४५ खरे, म्हणजे ८ टक्के. डॉक्टर बारा जणींना बोलावतात तेव्हा त्यातली एक खरी निघते, आणि बाकी अकरा जणी रिपोर्ट येईपर्यंत रात्री जागून काढतात. एयूसी मात्र जराही हललेला नाही.

स्कोअरचीही तीच गत. ३७ टक्के कॅन्सर असलेल्या डेटावर शिकलेल्या मॉडेलने ०.५ सांगितलं तर अर्धा टक्का कॅन्सर असलेल्या गटात त्याचा खरा अर्थ काय? शक्यतेचं गुणोत्तर काढून (०.५ चं गुणोत्तर १) त्याला नव्या प्रमाणाचं गुणोत्तर भागिले जुन्याचं, यानं गुणायचं: ०.००५०२५ / ०.५९४, म्हणजे ०.००८५. ०.५ चा स्कोअर उतरून एक टक्क्याच्याही खाली आला. आधीचा ०.०९ चा थ्रेशोल्ड लावायचा तो या दुरुस्त केलेल्या आकड्याला, मूळ स्कोअरला नाही.

आणि हेसुद्धा गाठी त्याच प्रकारच्या असतील असं धरून. प्रत्यक्षात स्क्रीनिंगमध्ये सापडणारे कॅन्सर लहान आणि सुरुवातीचे असतात, पकडायला अवघड, म्हणून कर्व्हसुद्धा खाली येऊ शकतो. तिथला डेटा घेऊन परत मोजण्याला पर्याय नाही.

मग कमी प्रमाण असेल तर प्रिसिजन-रिकॉल कर्व्हच बघावा का?

सोबत बघा, रिकॉल म्हणजे आपला टीपीआरच. त्यात वरची ८ टक्क्यांची गोष्ट लगेच दिसते. पण तो कर्व्ह त्या प्रमाणाला बांधलेला असतो, दोन दवाखान्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

दोन मॉडेलांचा एयूसी सारखाच आहे, कुठलं घ्यायचं?

कर्व्ह एकावर एक काढा. बहुतेक वेळा ते एकमेकांना छेदतात, एक डावीकडे वर असतो आणि दुसरा उजवीकडे. तुम्हाला एफपीआर १० टक्क्यांच्या पुढे परवडतच नसेल तर उजवीकडच्या क्षेत्रफळाशी तुमचं काही देणंघेणं नाही, तिथे कोण पुढे आहे याला महत्त्व नाही. `roc_auc_score` मध्ये `max_fpr=0.1` दिलं तर तेवढ्याच भागाचा, पट्टी बदलून घेतलेला एयूसी मिळतो. त्याहून सोपं म्हणजे एफपीआर ठरवायचा आणि त्या उभ्या रेघेवर कोणाचा टीपीआर जास्त ते वाचायचं. मला तर एयूसीपेक्षा हेच जास्त उपयोगी वाटतं, डॉक्टरांनाही ते एका वाक्यात सांगता येतं.

`class_weight="balanced"` लावल्यावर रिकॉल वाढला पण एयूसी तेवढाच. मॉडेल सुधारलं की नाही?

बहुतेक नाही. वेटने कॅन्सरवाल्यांचं वजन वाढवलं, त्यामुळे सगळेच स्कोअर वर सरकले, क्रम जवळपास तोच राहिला. म्हणजे तुम्ही थ्रेशोल्ड खाली आणण्याचंच काम दुसऱ्या दाराने केलंत, आणि वर स्कोअर शक्यता म्हणून खराब केलात, म्हणजे किंमतीचं सूत्रही आता थेट लागणार नाही. डेटा फुगवून दोन्ही गट सारखे करण्याचंही थोड्याफार फरकाने हेच होतं. साधं मॉडेल शिकवा आणि रेघ हलवा, ते स्वच्छ पडतं.

थ्रेशोल्ड कुठल्या डेटावर निवडायचा?

टेस्टवर नाही. थ्रेशोल्डसुद्धा शिकलेलीच गोष्ट आहे, टेस्टवर सगळ्यात चांगला दिसतोय तो घेतला आणि त्याच टेस्टवरचा आकडा रिपोर्टमध्ये लिहिला तर तो फुगलेला असणार. ट्रेनिंगच्या भागातच क्रॉस-व्हॅलिडेशनने काढा. आवृत्ती १.५ पासून यासाठी `TunedThresholdClassifierCV` आलंय, फक्त ते डीफॉल्टने `balanced_accuracy` वाढवतं, म्हणजे आतून पुन्हा युडेनच. `scoring` मध्ये तुमच्या खर्चाचं फंक्शन द्यायला विसरू नका.

टेस्टवर सेन्सिटिव्हिटी ९४ टक्के आली, तेवढी लिहू ना?

एकटी नको. वरच्या कोडमध्ये टेस्टला १४३ गाठी जातात, त्यात कॅन्सरच्या फक्त ५३. ५० पकडल्या म्हणजे ९४ टक्के, पण एक गाठ इकडची तिकडे झाली की जवळपास दोन टक्के हलतात. ५३ पैकी ५० चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल विल्सनच्या पद्धतीने साधारण ८५ ते ९८ टक्के येतो. म्हणजे खऱ्या वापरात सातातला एक कॅन्सर सुटेल की पन्नासातला एक, हे या टेस्टवरून सांगता येत नाही. इथे ५६९ मोजत बसू नका, सेन्सिटिव्हिटीला फक्त कॅन्सरवाल्यांची संख्या लागते. `random_state` पाचसहा वेळा बदलून थ्रेशोल्ड किती उड्या मारतो तेही बघा. तो ०.०८ वरून ०.३५ वर जात असेल तर तीन दशांशांपर्यंत थ्रेशोल्ड लिहिण्यात अर्थ नाही.

किंमतबिंमत कोणीच सांगत नाही, मग काय करू?

मग क्षमता विचारा, ती सगळ्यांना माहीत असते. आठवड्याला २० बायोप्स्याच होऊ शकतात ना? तर आठवड्यातल्या गाठी स्कोअरने लावा आणि वरच्या २० घ्या, विसाव्या गाठीचा स्कोअर हाच त्या आठवड्याचा थ्रेशोल्ड. त्या रेघेवर टीपीआर किती ते आधीच्या डेटावरून मोजा आणि ज्यांनी क्षमता ठरवली त्यांच्यासमोर ठेवा, की २० मध्ये इतके सुटतात आणि ३० केल्या तर इतके. किंमत सांगता न येणारी माणसंसुद्धा हे बघून चटकन ठरवतात की आणखी दहा बायोप्स्यांची सोय करायची की नाही.

आणि एकदा ठरवला की थ्रेशोल्ड कायमचा?

नाही. मशीन बदललं, काचपट्टी रंगवायची पद्धत बदलली, दुसऱ्या गावचे पेशंट यायला लागले की स्कोअर सरकतात. दर महिन्याला निदान एवढं बघा, की रेघेच्या वर किती टक्के गाठी जाताहेत. ते प्रमाण अचानक बदललं तर खऱ्या निकालांची वाट न बघता कळतं की काहीतरी हललंय. पण सुटलेले कॅन्सर मोजायचे असतील तर रेघेच्या खालच्या काही गाठीसुद्धा अधूनमधून तपासून घ्याव्या लागतात, नाहीतर खाली काय चाललंय ते कधी दिसतच नाही आणि सेन्सिटिव्हिटी कागदावर चांगलीच दिसत राहते.